पाच हजारांचे तीन हजार तीनशे पंचवीस

म्युच्युअल फंडाची जाहिरात संपत आली की एक वाक्य ऐकू येतं. गुंतवणूक बाजारातील जोखमींच्या अधीन आहे, योजनेशी संबंधित सर्व दस्तऐवज काळजीपूर्वक वाचा. ते इतक्यांदा कानावर पडलंय की लहान मुलंही त्याची नक्कल करतात, आणि नक्कल करताना वेगच वाढवतात. हा वेग त्यांनी जाहिरातींतूनच उचललेला आहे. एके काळी हे वाक्य एका श्वासात उरकून टाकलं जायचं. पुढे सेबीने जाहिरातींच्या संहितेत मोजमापच घालून दिलं. मूळ इंग्रजी वाक्यात १४ शब्द आहेत. ते पडद्यावर दिसलं पाहिजे, आवाजातही आलं पाहिजे, आणि किमान ५ सेकंद चाललं तरच ते स्पष्ट व समजेल असं मानता येईल, असं उदाहरण संहितेत दिलेलं आहे.

त्यामुळे ५ सेकंदांचा प्रश्न सुटला. पण दीड मिनिटाच्या व्हिडिओत आणखी ८५ सेकंद असतात, आणि खरी गडबड तिथे होते. कारण त्या ८५ सेकंदांत पैसे फक्त वाढताना दाखवलेले असतात. प्रेक्षकाला वाढ गोष्टीतून कळते आणि जोखीम सूचनेतून. लक्षात राहते ती गोष्ट.

असे व्हिडिओ आता फक्त मुंबईतल्या मोठ्या जाहिरात कंपन्या करत नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये देशभरातून एसआयपीच्या मार्गाने महिन्याला सुमारे ३,१०० कोटी रुपये येत होते. एप्रिल २०२४ मध्ये हाच आकडा पहिल्यांदा २०,००० कोटींच्या पुढे गेला. या वाढीत तालुक्याच्या गावांचाही वाटा आहे. तिथला म्युच्युअल फंड वितरक ग्राहकांसाठी मोबाइलवरच व्हिडिओ बनवतो, पतसंस्थेतला ओळखीचा मुलगा एडिट करून देतो, आणि संध्याकाळपर्यंत तो शे-दोनशे व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये फिरत असतो. कॅमेरा आणि प्रकाश आज कोणालाही जमतो. अडतं ते लिहिण्यापाशी.

लिहिणाऱ्याची पहिली अडचण अशी की एसआयपीबद्दल लोकांच्या मनात आधीच एक चित्र असतं, आणि ते आरडीचं असतं. पोस्टात किंवा बँकेत दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची, मुदत संपली की ठरलेले पैसे घ्यायचे. एसआयपीतही महिन्याला ठरावीक रक्कम जाते, ठरलेल्या तारखेला खात्यातून आपोआप कापली जाते, म्हणून दोन्ही एकाच जातीचे वाटतात. “मी एसआयपीत पैसे टाकलेत” असं बोललं जातं तेही याच समजुतीतून. वास्तविक पैसे एखाद्या फंडात जातात आणि एसआयपी ही तिथे पैसे भरायची केवळ एक पद्धत आहे. फंड शेअरचा असेल तर शेअर बाजार पडला की तोही पडणार. हप्ता नेमाने भरला म्हणून पडणं टळत नाही.

दुसरी अडचण म्हणीची. “थेंबे थेंबे तळे साचे” हे वाक्य एसआयपीच्या मराठी व्हिडिओत इतक्यांदा येतं की त्यावर बंदी घातली तरी कुणाचं काही बिघडणार नाही. बचतीसाठी म्हण चोख आहे. पण म्हणीतल्या तळ्याची पातळी कधी खाली जात नाही. शेअरच्या फंडात ती जाते, आणि ती कशी जाते हेच तर सांगायचं असतं.

आता मुख्य मुद्दा, उदाहरणाचा. एसआयपी समजावणाऱ्या जवळजवळ प्रत्येक व्हिडिओत एक छोटा तक्ता असतो. महिन्याला १,००० रुपये भरायचे. फंडाच्या एका युनिटचा भाव, म्हणजे एनएव्ही, पहिल्या महिन्यात ५० रुपये. म्हणून २० युनिट मिळाले. दुसऱ्या महिन्यात भाव ४० वर आला, २५ युनिट मिळाले. तिसऱ्या महिन्यात २५, युनिट ४०. चौथ्यात पुन्हा ४०, युनिट २५. पाचव्यात परत ५०, युनिट २०. एकूण भरले ५,००० रुपये, हातात १३० युनिट. आजच्या ५० रुपयांच्या भावाने त्यांची किंमत ६,५००. भाव जिथून निघाला तिथेच परत आला, तरी दीड हजाराचा फायदा! इथे संगीत चढतं, पडद्यावर नाणी पडतात, आणि प्रेक्षकाच्या मनात ठसतं की बाजार पडला तर एसआयपीवाल्याची चांदीच.

यातलं गणित अगदी बरोबर आहे. फसवणूक आहे ती महिन्यांच्या क्रमात. हेच पाच हप्ते, हेच हजार रुपये, सुरुवातीचा आणि शेवटचा भावही तोच ठेवून फक्त मधला रस्ता उलटा करून बघावा. ५० वरून भाव ६२.५० झाला, मग ८०, मग पुन्हा ६२.५० आणि शेवटी ५०. युनिट येतात अनुक्रमे २०, १६, साडेबारा, १६ आणि २०. एकूण साडेचौऱ्याऐंशी. पन्नासच्या भावाने त्यांची किंमत ४,२२५ रुपये. भाव जिथून निघाला तिथेच परत आला आणि ७७५ रुपयांचा तोटा झाला. पहिल्या उदाहरणात स्वस्तात जास्त युनिट मिळाले होते, इथे महागात कमी मिळाले. सरासरी दोन्हीकडे काम करते. पण हा दुसरा तक्ता व्हिडिओत क्वचितच दिसतो.

तिसरा रस्ता सर्वांत साधा आणि सर्वांत टाळला जाणारा. भाव ५०, ४०, ३२, २५, २० असा घसरतच गेला. पाच हजारांत १६६.२५ युनिट जमले आणि त्यांची किंमत झाली ३,३२५ रुपये. एसआयपीने इथे काहीच केलं नाही असं मात्र नाही. पाचही हजार पहिल्याच दिवशी एकरकमी भरले असते तर १०० युनिट आले असते आणि हातात २,००० राहिले असते. हप्त्याने तोटा हलका केला, पण पुसला नाही. नियमित गुंतवणुकीबद्दल जे काही प्रामाणिकपणे सांगता येईल ते या एका उदाहरणात मावतं. उलट बाजार सरळ चढत गेला असता तर एकरकमी भरणारा पुढे गेला असता, हेही ओघाने येतं.

मग लिहिणाऱ्याने तिन्ही तक्ते दाखवावेत का? दीड मिनिटात ते शक्य नाही. मराठी निवेदन ऐकणाऱ्याला दमवायचं नसेल तर सेकंदाला दोन शब्दांच्या वर जाऊ नये. म्हणजे ८५ सेकंदांत फार तर १७० शब्द, आणि त्यातही विराम हवेत. शिवाय आकडा कानावर पडला की तो डोळ्यांनी टिपायला वेळ लागतो. दोन तक्ते बसतात, तिसरा बसत नाही. कोणते दोन घ्यायचे, हा निर्णयच या व्हिडिओचा कणा आहे. पहिला घ्यावा, कारण सरासरी कशी चालते ते त्यातच नीट दिसतं. त्याच्या जोडीला तिसरा घ्यावा, कारण घसरतच गेलेला बाजार कोणालाही लगेच कळतो. उलटा रस्ता कितीही चतुर असला तरी तो समजवायला वेळ जातो आणि प्रेक्षक “८० ला विकायचं ना मग” या वाटेला लागतो. तो लेखासाठी ठेवलेला बरा.

दोन्ही तक्त्यांना वेळ मात्र सारखा द्यायचा. नफ्याला वीस सेकंद आणि तोट्याला चार सेकंद दिले की खरं सांगूनही खोटं सांगितल्यासारखं होतं.

असा व्हिडिओ कागदावर कसा उतरेल ते पाहू. दोन माणसं पुरेत: एसटीतून निवृत्त झालेले मामा आणि कारखान्यात कामाला असलेला भाचा. एखाद्या फंड कंपनीच्या जाहिरातीत नामवंत चेहरा घेता येत नाही, तशी मुभा फक्त संपूर्ण उद्योगाच्या वतीने होणाऱ्या मोहिमेला आहे. म्हणून सचिन तेंडुलकर आणि महेंद्रसिंग धोनी दिसले ते ॲम्फीच्या “म्युच्युअल फंड्स सही है” मध्ये. मामा-भाच्याला असली परवानगी लागत नाही, आणि कोणत्याही मामांना पडतील असे प्रश्न हे मामा विचारू शकतात. कागदाचे दोन भाग करायचे, डावीकडे काय दिसतं, उजवीकडे काय ऐकू येतं. सुरुवात अशी.

“महिन्याला हजार टाकले तर वर्षाने किती होतील, तेवढं सांग.”

“ते सांगता येत नाही, मामा.”

“मग आरडी काय वाईट?”

“वाईट नाहीच. तिथं किती मिळणार ते आधी ठरलेलं असतं. इथं नसतं.”

पहिल्या दहा-बारा सेकंदांत जोखीम येऊन गेली, तीही सूचनेच्या भाषेत नाही. “सांगता येत नाही” हे वाक्य प्रेक्षकाला थांबवतं, कारण पैशांच्या जाहिरातीत असं कुणी म्हणत नाही. यानंतर पडद्यावर वही येते. भाचा लिहितो आणि मामा बघतात. हजार भागिले पन्नास, वीस. हजार भागिले चाळीस, पंचवीस. हाताने लिहिलेला आकडा यंत्राने उडवलेल्या आकड्यापेक्षा सावकाश येतो आणि म्हणूनच समजतो. पहिला तक्ता पूर्ण होतो. पाच हजारांचे साडेसहा हजार.

“म्हणजे बाजार पडला की आपलं बरंच की रे.”

“परत वर आला तर.”

“आणि नाही आला तर?”

भाचा पान उलटतो. तीच वही, तोच पेन, तेवढाच वेळ. पन्नास, चाळीस, बत्तीस, पंचवीस, वीस. खाली बेरीज आणि तिच्याखाली किंमत: तीन हजार तीनशे पंचवीस. इथे मामांनी काही बोलू नये. तीन सेकंद फक्त वहीचं पान दिसावं. संगीत असेल तर ते इथे थांबवावं, निदान चढवू तरी नये. एडिट करताना सर्वांत आधी कापली जातात ती हीच तीन सेकंद, म्हणून कागदावर त्यांच्यापुढे “कापू नये” असं स्पष्ट लिहून ठेवायला हवं.

वहीतले भाव कल्पित आहेत, हे पडद्यावर लिहावंच लागतं. पण कल्पित उदाहरणाने एक शंका राहते: असं प्रत्यक्षात होतं का? त्यासाठी एक खरा आलेख लागतो, आणि मार्च २०२० चा सर्वांच्या ओळखीचा आहे. १४ जानेवारी २०२० ला सेन्सेक्स ४१,९५२ वर बंद झाला होता. २३ मार्चला तो २५,९८१ वर आला. दहा आठवड्यांत ३८ टक्क्यांची घसरण, त्यातले १३ टक्के एका दिवसात. एसआयपीच्या दृष्टीने याहून बोलका आकडा निफ्टीचा आहे. मार्च २०१७ च्या अखेरीस निफ्टी ९,१७३ वर होता. २३ मार्च २०२० ला तो ७,६१० वर बंद झाला. एखाद्याने एप्रिल २०१७ पासून निफ्टीच्या फंडात तीन वर्षं एकही महिना न चुकवता पैसे भरले असतील, तर त्या दिवशी त्याचा प्रत्येक हप्ता तोट्यात होता. सरासरी नावाची ढाल हातात असूनही.

नऊ नोव्हेंबरला निफ्टीने जानेवारीतला उच्चांक ओलांडला. जो भरत राहिला त्याचे मार्च-एप्रिलचे हप्ते सर्वांत स्वस्तातले ठरले. हे व्हिडिओत यायलाच हवं, नाहीतर भीती दाखवल्याचा आरोप होईल आणि तो रास्तही असेल. पण त्याला लागून आणखी एक वाक्य हवं. भाच्याच्या तोंडी ते असं घालता येईल: “तेव्हा आठ महिन्यांत सावरला. पुढच्या वेळी किती लागतील, कुणालाच ठाऊक नाही.” याला पुरावा हवा असेल तर जपानचा निर्देशांक निक्केई १९८९ च्या डिसेंबरअखेर ३८,९१५ वर होता. तो आकडा त्याने पुन्हा पार केला फेब्रुवारी २०२४ मध्ये, चौतीस वर्षांनी. जपानचं उदाहरण दीड मिनिटाच्या व्हिडिओत घालू नये, ते फार लांबचं वाटतं. पण लिहिणाऱ्याच्या डोक्यात ते असलं की “दीर्घ मुदतीत तोटा होतच नाही” असं वाक्य त्याच्या हातून उतरत नाही.

मामांचा शेवटचा प्रश्न सरळ असतो: मग टाकायचे तरी कशाला? याला लेखक सहसा महागाईच्या आलेखाने उत्तर देतो. त्याऐवजी कोणते पैसे टाकू नयेत हे सांगणं जास्त उपयोगी. पोरीच्या लग्नाला दोन वर्षांनी लागणारे, घराच्या हप्त्याचे, दवाखान्यासाठी ठेवलेले पैसे शेअरच्या फंडात नकोत. दहा-बारा वर्षं हात लावावा लागणार नाही, असे टाकावेत. आणि “तरीही हमी नाही”. हे तीन शब्द या वाक्यात राहिले तरच ते वाक्य ठेवावं. यानंतर ५ सेकंदांची सूचना येते आणि आता तिला अर्थ असतो. तिची शब्दरचना बदलता येत नाही. “अधीन” आणि “दस्तऐवज” हे शब्द ओट्यापाशी किंवा बांधावर कुणी वापरत नाही, पण त्यांचा अर्थ वहीच्या पानावर आधीच दिसून गेलेला असतो.

काय लिहू नये याचीही एक छोटी पण पक्की यादी व्यवसायात आहे. हमखास, खात्रीशीर, कमीत कमी इतके टक्के, असे शब्द कायद्यानेच बाद आहेत. परताव्याची हमी देता येत नाही. फंडाची मागची कामगिरी दाखवली तर ती नियमात दिलेल्या कालावधींची, तुलनेच्या निर्देशांकासह दाखवावी लागते, आणि ती पुढे टिकेलच असं नाही हेही सांगावं लागतं. विशिष्ट योजनेचं नाव घेतलं की तिचं रिस्कोमीटरही दाखवावं लागतं. जोखमीच्या सहा पातळ्या दाखवणारं हे अर्धगोल चित्र, आणि शेअरच्या फंडांचा काटा त्यावर बहुधा शेवटच्या, “अत्यंत जास्त” या घरात असतो. म्हणून केवळ पद्धत समजवायची असेल तर योजनेचं नावच न घेणं शहाणपणाचं.

कायद्याच्या कचाट्यात न सापडताही चुकता येतं, आणि ते जास्त वेळा होतं. “महिन्याला पाच हजार, वीस वर्षांत पन्नास लाख” हे वाक्य घ्या. हिशोब चुकीचा नाही. दरवर्षी १२ टक्के दराने वीस वर्षांत जवळपास तेवढेच होतात. तोच दर ८ टक्के धरला तर तीस लाखसुद्धा होत नाहीत. चार टक्क्यांच्या फरकाने वीस लाख रुपये इकडचे तिकडे होतात, आणि ते चार टक्के कुणाच्याच हातात नसतात. शिवाय या हिशोबात बाजार दर महिन्याला १ टक्का चढतो असं गृहीत असतं. तसा महिना-दर-महिना शिस्तीत चढणारा बाजार आजवर कुणी पाहिलेला नाही. म्हणूनच अशा व्हिडिओतला आलेख गुळगुळीत असतो. आलेखाची रेघ गुळगुळीत दिसली की तिथे खरे भाव नाहीत, फक्त सूत्र आहे, असं खुशाल समजावं.

याच्याशी जोडलेली आणखी एक गोष्ट लेखकांच्या लक्षात येत नाही. वहीतलं उदाहरण पाच महिन्यांचं आहे, तिथे प्रत्येक नवा हप्ता जमलेल्या रकमेच्या मानाने मोठा असतो, म्हणून सरासरी जोरात काम करते. पंधरा वर्षांनंतर तसं राहत नाही. समजा पाच हजारांच्या हप्त्याने पंधरा लाख जमलेत आणि बाजार ३० टक्के पडला. साडेचार लाख गेले. त्या महिन्याचे पाच हजार कितीही स्वस्तात युनिट घेवोत, त्यांनी काही भरून निघत नाही. म्हणजे जुन्या गुंतवणूकदाराला धोका नव्यापेक्षा मोठा असतो, कमी नाही. पैसे लागायच्या दोन-तीन वर्षं आधीपासून ते हळूहळू कमी जोखमीच्या फंडात हलवतात ते यासाठीच. पहिल्या व्हिडिओत हे बसत नाही, त्यासाठी दुसरा व्हिडिओ लागतो. पण “एसआयपी सुरू करा आणि विसरून जा” हे वाक्य पहिल्यातूनही काढून टाकायला एवढं कारण पुरेसं आहे.

कागदावर सगळं नीट असूनही मोबाइलवर बिघडू शकतं. उभ्या व्हिडिओत पडद्याच्या खालच्या पट्टीवर खात्याचं नाव आणि मजकूर येतो, उजव्या कडेला लाइक-शेअरची बटणं. बारीक अक्षरांतल्या सूचना सवयीने खालीच टाकल्या जातात आणि नेमक्या झाकल्या जातात. “भाव कल्पित आहेत” ही ओळ आणि शेवटची सूचना पडद्याच्या मध्याजवळ यायला हवी. पुष्कळ लोक व्हिडिओ आवाज बंद ठेवूनच बघतात, तेव्हा मामा-भाच्याचा संवाद अक्षरांतही हवा. त्यातही सोयीचा संक्षेप होतो. भाचा म्हणतो “परत वर आला तर” आणि खाली अक्षरं येतात “बाजार वर येतो”. एका “तर” ने सगळा अर्थ फिरतो.

प्रदर्शनाआधी व्हिडिओ चार-पाच अनोळखी माणसांना दाखवावा, शक्यतो कधीच फंडात पैसे न टाकलेल्यांना. आवडला का, असं विचारू नये; आवडला असंच सांगतात. विचारावं की, यात भरलेले पैसे कमी होऊ शकतात का, आणि पाच हजारांचे कमीत कमी किती होतील असं तुम्हाला वाटतं. “पाच हजार तर राहतीलच” असं उत्तर आलं की दुसरा तक्ता पोचलेला नाही. तो लहान झाला असेल, घाईत गेला असेल, किंवा त्याच्यानंतर लगेच आलेल्या आशादायक वाक्याने पुसला गेला असेल. “तीन हजार तीनशे म्हणजे तळ” हेही चुकीचं उत्तर आहे. बाजाराचा तळ वहीच्या शेवटच्या ओळीवर ठरत नसतो, हे भाच्याला एका वाक्यात सांगावं लागेल. “पैसे बुडतात, त्यात पडूच नये” असं उत्तर आलं तर पहिला तक्ता पोचलेला नाही. दोन्ही बाजूंची उत्तरं सारख्याच गांभीर्याने घ्यायची. व्यवहारात दुसरं उत्तर आलं की लगेच दुरुस्ती होते, पहिलं आलं तर व्हिडिओ तसाच पाठवला जातो.

प्रेक्षकांच्या प्रश्नांतून एक किरकोळ वाटणारी उणीवही हमखास निघते. एखाद्या महिन्यात खात्यात पैसे नसतील तर काय? फंड दंड लावत नाही, पण हप्ता परत गेला म्हणून बँक शुल्क कापू शकते, आणि सलग तीन मासिक हप्ते चुकले की एसआयपी बंद पडते. आधीचे युनिट मात्र तसेच राहतात, त्यांचं काही बिघडत नाही. रोजंदारीवर किंवा हंगामी कामावर जगणाऱ्या माणसाला भावाच्या चढउताराइतकीच ही माहिती हवी असते. निवेदनात जागा नसेल तर व्हिडिओखालच्या मजकुरात ती घालता येते, तिथेच वितरकाने आपला एआरएन क्रमांकही द्यायचा असतो.

राहिली तारीख. व्हॉट्सॲपवर गेलेला व्हिडिओ परत बोलावता येत नाही. तो वर्षानुवर्षं फिरतो, कुणीतरी त्याची सुरुवात आणि शेवट कापतो, सूचना गळून पडते आणि मधलं साडेसहा हजाराचं पान तेवढं उरतं. त्यामुळे महिना-वर्ष वहीच्या पानावरच हाताने लिहून घ्यावं, म्हणजे ते कापता येत नाही. आणि दोन्ही तक्ते शक्य असेल तर एकाच पानावर, शेजारीशेजारी घ्यावेत. पान उलटण्यातली गंमत त्यात जाईल. पण पुढे कुणी कुठूनही कापलं तरी ६,५०० च्या बाजूला ३,३२५ दिसत राहतील.